मराठी सबटायटलची अक्षरं मोजायची कशी? प्रशिक्षण-व्हिडिओंमागची पार्श्वभूमी

सबटायटलच्या वेगाचे आजचे बहुतेक आकडे रोमन लिपीतून आले आहेत. युरोपातल्या दूरचित्रवाणीवर रुळलेला जुना संकेत असा होता की दोन भरलेल्या ओळी, प्रत्येकीत साधारण 35 ते 37 अक्षरं, पडद्यावर सहा सेकंद ठेवायच्या. म्हणजे सेकंदाला बारा अक्षरं. पुढे इंटरनेटवरून मालिका पाहण्याचे दिवस आले, तेव्हा ओळ 42 अक्षरांची झाली आणि इंग्रजीसाठी वेगाची मर्यादा सेकंदाला 17 ते 20 पर्यंत गेली. हे सगळं ठरलं ते कथा पाहणाऱ्या, खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकासाठी.

आपल्याकडच्या कारखान्यांत व्हिडिओ कॅसेटच्या काळात सबटायटलचा प्रश्न फारसा आलाच नाही. इंग्रजी फिल्म लावायची, सुपरवायझरनं मधेमधे थांबवून मराठीत सांगायचं. पुढे संगणकावर मराठी मजकूर चढवणं शक्य झालं, पण युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. तो मजकूर चित्राचा भाग म्हणूनच छापला जाई. ओळ लांब झाली की नाही, हे एडिटर डोळ्यांनी बघून ठरवी. या पद्धतीत दुरुस्ती महाग पडे, पण एक गोष्ट बरोबर होती: मोजमाप डोळ्याचं होतं.

युनिकोड रुळलं, सबटायटल साध्या .srt फाइलमध्ये आली आणि मोजणी सॉफ्टवेअरकडे गेली. त्यानंतर मागणीही वाढली. कार्यस्थळी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं मालकांवर ठरावीक काळानं जागृती-कार्यक्रम घेण्याची जबाबदारी टाकली, सुरक्षेचं प्रशिक्षण तर होतंच, आणि मुख्यालयात तयार झालेले इंग्रजी व्हिडिओ शॉपफ्लोअरपर्यंत पोचवायचे झाले. त्यांच्याबरोबर 42 आणि 17 हे आकडेही आले. खरी गुंतागुंत इथे सुरू झाली.

सॉफ्टवेअर ज्याला एक अक्षर म्हणतं ते बहुतेक वेळा एक युनिकोड-चिन्ह असतं. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हं. ‘प्रशिक्षण’ हा शब्द आपण चार अक्षरांचा मानतो: प्र, शि, क्ष, ण. युनिकोडच्या हिशेबात तो नऊ चिन्हांचा आहे. तिसराही हिशेब आहे. ज्या नियमानुसार कर्सर पुढे सरकतो, त्या नियमात हलन्तापाशी जोडाक्षर तुटत असे, म्हणून हाच शब्द सहाचा भरे. 2023 मध्ये युनिकोडच्या 15.1 आवृत्तीनं देवनागरीसह काही लिप्यांसाठी हा नियम बदलला आणि जोडाक्षर एकसंध मानलं. त्यामुळे नव्या नियमानं चालणारं साधन चार म्हणतं, जुनं सहा म्हणतं, आणि तपासणी करणारं तिसरं साधन नऊ धरून फाइल परत पाठवतं.

एक वाक्य घेऊन बघू. यंत्राला कुलूप लावण्याच्या प्रशिक्षणात निवेदक इंग्रजीत साधारण नऊ सेकंदांत जे सांगतो, त्याचा शब्दाला शब्द मराठी अनुवाद असा होतो: ‘कोणतेही देखभालीचे काम सुरू करण्यापूर्वी यंत्र वीजपुरवठ्यापासून विलग करण्यात आले आहे आणि आपले वैयक्तिक कुलूप जागेवर आहे याची खात्री करून घ्या.’ मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ही 141 युनिकोड-चिन्हं आहेत. आपल्या नेहमीच्या अक्षरांनी मोजलं तर 87. नऊ सेकंदांत 141 म्हणजे सेकंदाला सोळाच्या आत, तेव्हा वेगाच्या चाचणीत हे वाक्य पास होतं. पण ‘विलग करण्यात आले आहे’ वाचून मशीनसमोरच्या माणसानं नेमकं काय करायचं, ते त्याला दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही. आकडा बरोबर आणि सबटायटल निकामी, अशी ही स्थिती.

आता तेच दोन तुकड्यांत:

कोणत्याही मेंटेनन्सआधी मशीनचा वीजपुरवठा तोडा.

स्वतःचं लॉक लावल्याची खात्री करा.

नऊ सेकंद दोघांत वाटले तर दोन्ही आरामात वाचून होतात आणि नजर पुन्हा चित्राकडे जायला वेळ उरतो. पहिल्या तुकड्यातलं ‘कोणत्याही’ काढलं तर ओळ 35 चिन्हांची होते, ठेवलं तर 45 ची, म्हणजे 42 च्या बाहेर. ते काढायचा मोह होतो. काढू नये. पाच मिनिटांचं काम आहे म्हणून लॉक न लावणाऱ्यासाठीच तो शब्द आहे. ‘सुरू करण्यापूर्वी’, ‘करून घ्या’, ‘वैयक्तिक’ यांतलं काहीही कापा, व्याप्ती सांगणारा शब्द कापू नका. शिवाय अक्षरांनी मोजलं तर हीच ओळ 27 ची आहे. उकार, मात्रा आणि अनुस्वार वर किंवा खाली बसतात, आडवी जागा घेत नाहीत. काना आणि वेलांटी मात्र घेतात. त्यामुळे ओळ मावते की नाही, हे चिन्हं मोजून कळतच नाही. ज्या फाँटमध्ये आणि ज्या आकारात ती दिसणार, त्यात तिची रुंदी बघावी लागते. साधन हट्टच करत असेल तर ‘मेंटेनन्सआधी’नंतर ओळ मोडावी. अर्थही तिथेच नीट मोडतो.

या गोंधळावर व्यवसायानं काढलेला तोडगा म्हणजे भारतीय भाषांसाठी सेकंदामागची मर्यादा इंग्रजीपेक्षा वाढवणं. मालिकांसाठी तो ठीक आहे. प्रशिक्षणाच्या व्हिडिओंवर तोच आकडा लावणं मला चुकीचं वाटतं. वाढीव मर्यादा चिन्हांच्या फुगवट्याची भरपाई करते, पण त्याच आडोशानं वरच्यासारखी 141 चिन्हांची वाक्यंही खपून जातात. प्रशिक्षणात पडद्यावर स्लाइडचा इंग्रजी मजकूर असतो, बाण असतात, हाताची कृती असते. तिथे वाचायला मिळणारा वेळ मालिकेपेक्षा कमी असतो. म्हणून जुना बाराचा संकेत चिन्हांना लावून वरची मर्यादा ठेवावी, आणि ओळ व्हिडिओसोबत मोठ्यानं, घाई न करता वाचून पाहावी. तुकडा जाण्याआधी वाचन संपलं नाही, तर आकडा काहीही म्हणो, ओळ लांब आहे.

वेगाच्या या वादात एक गोष्ट मागे पडली, ती म्हणजे मराठी वाक्यातल्या नकाराची जागा. इंग्रजी सूचनेत नकार सुरुवातीला येतो, आपल्याकडे शेवटी. वेग सांभाळायला वाक्य दोन तुकड्यांत मोडलं की पहिल्यात ‘पातं फिरत असताना गार्ड काढण्याचा’ आणि दुसऱ्यात ‘प्रयत्न करू नका’ असं होऊन बसतं. दोन-तीन सेकंद पडद्यावर नेमकी उलटी सूचना दिसते, आणि त्याच वेळी चित्रात हात गार्डकडे जात असतो. कोणतंही मोजणीचं साधन ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही तुकडे मर्यादेत असतात. ती पकडायची तर प्रत्येक तुकडा आधीच्या-नंतरच्या ओळी झाकून, सुटा वाचावा लागतो. दुरुस्ती सोपी आहे: नकारासकट पूर्ण वाक्य पहिल्या तुकड्यात, ‘पातं फिरत असताना गार्ड काढू नका.’ आणि मूळ इंग्रजी सूचनेत पुढे जॉब, म्हणजे यंत्रावर चढवलेली वस्तू, अडकण्याची अट असेल तर ती दुसऱ्यात, ‘जॉब अडकला, तरीही नाही.’ हा दुसरा तुकडा अडकलेला जॉब चित्रात दिसतो त्याच शॉटवर सुरू करावा.