मोफत वकील आणि लोकअदालत: एकाच दारातल्या दोन वेगळ्या गोष्टी

ठाण्यात कोर्ट नाक्यावर, जिल्हा न्यायालयात, मी विधी स्वयंसेवक म्हणून मदतीच्या टेबलावर बसते. तिथे आठवड्यातून चार-पाच जण तरी हेच विचारत येतात: "मॅडम, लोकअदालतीत केस टाकायची आहे. तिथे फुकट वकील देतात आणि लगेच निकाल लागतो ना?" या एका वाक्यात तीन चुका आहेत. लोकअदालत वकील देत नाही, लोकअदालत निकाल देत नाही, आणि "लगेच" जे होतं ते परत फिरवता येत नाही.

गोंधळ का होतो ते मला कळतं. दोन्ही गोष्टी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातूनच आल्या आहेत, दोन्हींचं कार्यालय एकच, बाहेरच्या पाटीवर नावही एकच: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. दवाखान्यात केसपेपर एकाच खिडकीवर निघतो म्हणून औषध आणि ऑपरेशन एक होत नाही. तसंच हे.

मोफत विधी सेवेबद्दल बहुतेकांना ढोबळ माहिती असते, म्हणून थोडक्यात. खटला चालवायला किंवा लढवायला तुम्हाला वकील मिळतो आणि त्याची फी प्राधिकरण देतं. कोर्ट फी, नकला, भाषांतर यांचा खर्चही त्यात येतो. फौजदारी प्रकरणात आरोपी असाल तर लोकअभिरक्षक कार्यालयातले वकील बाजू मांडतात. कोणाला मिळतं ते कलम १२ मध्ये आहे: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीत असलेले. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे.

इथे मला राहवत नाही. एखाद्या बाईला "आधी तहसीलदाराकडून उत्पन्नाचा दाखला आणा" म्हणून परत पाठवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. ती बाई दोन दिवसांची मजुरी बुडवून रांगेत उभी राहिली, आणि त्या दाखल्याची तिला गरजच नव्हती. स्त्री असणं एवढी एकच पात्रता पुरते, मग तिचा नवरा लाखभर पगार घेत असला तरी. ज्यांना उत्पन्न दाखवावंच लागतं त्यांच्यासाठीही कलम १३ म्हणतं, की प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येईल, त्यावर संशय घ्यायला कारण नसेल तर. दाखला मागितला तर हे कलम शांतपणे दाखवा.

आता जिथे माणसं खरोखर ठेचकाळतात तिथे येऊ.

लोकअदालतीच्या टेबलामागे न्यायाधीश बसलेले असतात, बाजूला वकील किंवा समाजकार्यकर्ता असतो, समोर फाईल असते. हे सगळं कोर्टासारखं दिसतं, म्हणून लोक समजतात की आपण आपलं म्हणणं मांडायचं आणि साहेब कोण खरं ते ठरवतील. पण त्या पॅनलला कोण खरं, कोण खोटं हे ठरवण्याचा अधिकारच नाही. दोन्ही बाजूंची तडजोड झाली तर ती लिहून घ्यायची आणि तिच्यावर निवाड्याची मोहोर उमटवायची, इतकंच त्यांचं काम. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली पंजाब राज्य विरुद्ध जालोर सिंग या प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं. तिथे लोकअदालतीने दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय स्वतःच अपघाताची भरपाई वाढवून दिली होती. न्यायालय म्हणालं, हा निवाडाच नव्हे.

याचा दुसरा भाग जास्त जड आहे. तडजोडीवर सही झाली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का होतो आणि कलम २१ प्रमाणे त्यावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट करता येते, पण ती फसवणुकीसारख्या मोजक्या कारणांवर. "तेव्हा मला समजलं नव्हतं" एवढं पुरत नाही. साध्या कोर्टाचा निकाल चुकला तर वरचं कोर्ट असतं. लोकअदालतीत तुमची सही हाच शेवटचा टप्पा.

म्हणून दोन्ही गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीत. पुरशिशीवर, म्हणजे तडजोडीच्या अटी लिहून कोर्टात द्यायच्या कागदावर, काय लिहिलंय हे सहीआधी समजावून सांगणारा माणूस म्हणजे मोफत वकील. ती सही जिथे होते ती जागा म्हणजे लोकअदालत. वकिलाशिवाय लोकअदालतीत जाता येतं, कायद्याने मनाई नाही, पण मोठ्या रकमेचं प्रकरण असेल तर मी कोणालाही तसं जाऊ देत नाही.

घणसोलीच्या एका ताईंचं उदाहरण सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ताईंचा नवरा महापे एमआयडीसीत कंत्राटी ऑपरेटर, वय ३६. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकने दुचाकीला उडवलं, त्यात तो गेला. घरी ताई, दोन मुलं आणि सासूबाई. ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल होऊन तीन वर्षं झाली होती. एका खासगी वकिलाने वकीलपत्र घेतलं आणि पुढे तारखांना येणं सोडलं. तेवढ्यात लोकअदालतीची नोटीस आली, आणि विमा कंपनीने पूर्वबैठकीत सांगितलं: २४ लाख, व्याजासह, एकरकमी.

२४ लाख ही रक्कम ताईंनी आयुष्यात पाहिली नव्हती. सही करायला त्या तयार होत्या. मी त्यांना फक्त एवढंच म्हटलं, की आधी वकील घ्या. त्या स्त्री आहेत, अर्जाला दुसरी कसलीच पात्रता लागली नाही. प्राधिकरणाच्या यादीतल्या वकीलबाईंनी पुढच्या आठवड्यात फाईल उघडली आणि पासबुक मागितलं. दर महिन्याला १८,००० रुपये पगार जमा होत होता.

हिशेब असा बसतो. १८,००० चे वर्षाला २,१६,०००. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: ३,०२,४००. अवलंबून चार माणसं, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: २,२६,८००. वय ३६ ते ४० मध्ये १५ चा गुणक: ३४,०२,०००. त्यात सहवास गमावल्याबद्दल, अंत्यविधीचे आणि मालमत्तेच्या हानीचे ठरावीक आकडे धरले की ३६ लाखांच्या आसपास. वर दावा दाखल केल्यापासूनचं व्याज. वर्षाला ७ टक्के धरलं तरी तीन वर्षांचे साडेसात लाख होतात. म्हणजे दावा पूर्ण सिद्ध झाला तर साधारण ४३ लाख.

मग २४ लाख आले कुठून? वकीलबाईंनी उलटा हिशेब केला. पगार १२,००० धरला, बाकी सगळं तसंच ठेवलं आणि व्याज शून्य धरलं, की बरोबर साडेचोवीस लाखांपर्यंत येतं. कंपनीने कंत्राटदाराची पगार-स्लिप नाही या एका मुद्द्यावर उत्पन्न एक तृतीयांशाने कापलं होतं, आणि "व्याजासह" या शब्दात तीन वर्षांचं व्याज गिळलं होतं. मोटार अपघाताच्या पुरशिशीत हा शब्द मी सर्वात आधी शोधते. "अधिक व्याज" आणि "व्याजासह" यांत इथे २४ लाखांवरही पाच लाखांचा फरक होता.

लोकअदालतीच्या दिवशी ताई नाही म्हणाल्या. त्यांना भीती होती की नाही म्हटलं तर दावाच रद्द होईल. तसं होत नाही. तडजोड झाली नाही तर फाईल न्यायाधिकरणाकडे परत जाते आणि जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू होते. "आज सही केली नाहीत तर पुढची दहा वर्षं चपला झिजवाल" असं कोणी टेबलावर म्हणालं तर ते ऐकून घ्या आणि वकिलाकडे बघा.

मग पासबुक दाखल झालं, कंत्राटदाराकडचा सुपरवायझर साक्षीला आला. पगाराचा मुद्दा मावळल्यावर पुढच्या लोकअदालतीत कंपनी स्वतःहून ३७ लाखांवर आली.

४३ का नाही, असं मला बरेच जण विचारतात. कारण न्यायाधिकरणाने नवऱ्याचीही थोडी चूक धरली असती तर रक्कम कमी झाली असती. आणि निकाल पूर्ण बाजूने लागला तरी कंपनी उच्च न्यायालयात अपिलात गेली असती. जे अपील ताईंसाठी बंद होतं ते कंपनीसाठीही बंद होतं, ही लोकअदालतीची खरी किंमत. पण ती किंमत हिशेब माहीत असलेल्यालाच वापरता येते.

कायम लोकअदालत म्हणून एक तिसरं नावही कानावर पडेल. ती वेगळी संस्था आहे, वीज, पाणी, टपाल, रुग्णालय, विमा अशा लोकोपयोगी सेवांसाठी, १ कोटीपर्यंतच्या वादांना, कोर्टात जाण्याआधी. तिथे तडजोड जमली नाही तर ते खरोखर निकाल देऊ शकतात. म्हणून तिची नोटीस आली तर "तडजोड नाहीच करायची" म्हणून घरी बसू नका. नेहमीच्या लोकअदालतीत गैरहजर राहिलात तर फाईल परत जाते, इथे तुमच्याशिवाय निर्णय होऊ शकतो.

पत्त्याचं एक सांगून ठेवते, कारण नवी मुंबईकर यात दिवस घालवतात. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये, त्यांचं जिल्हा प्राधिकरण अलिबागला आणि तालुका समिती पनवेल न्यायालयात. वकिलासाठीचा अर्ज प्रकरण ज्या न्यायालयात आहे तिथल्या कार्यालयात द्या. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १५१०० वर फोन करून विचारा. प्राधिकरणाने दिलेला वकील पैसे मागत असेल तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा.

ताईंच्या पुरशिशीत वकीलबाईंनी तीन ओळी आग्रहाने घालून घेतल्या: रक्कम ४५ दिवसांत न्यायाधिकरणात जमा करायची, उशीर झाला तर त्यावर ९ टक्के व्याज, आणि मुलांचा हिस्सा अठराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. ही मुदत पुरशिशीत नसेल तर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल करायची वेळ आली की "अजून मुदत कुठे संपली?" हाच पहिला वाद होतो. कंपनीने ४१ व्या दिवशी पैसे भरले.