तांब्याला टेकवलेला फोन

माझ्या भाचीचा साखरपुडा मे महिन्यात झाला आणि लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मधले सात महिने ती सोलापुरात आणि मुलगा पुण्यात. तिला इथे मीनल म्हणू. लिहायला तिने आनंदाने होकार दिला, फक्त खरं नाव नको म्हणाली. त्या सात महिन्यांत दोघं पाच वेळा भेटले. तो शनिवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने यायचा, रविवारी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने एक फेरी व्हायची, कुणा तरी काकांकडे जेवण व्हायचं आणि रात्रीच्या गाडीने तो परत जायचा. बाकी सगळी ओळख फोनवर, रात्री दहानंतर.

तो उशिरा जेवायचा. घरून नेलेल्या पितळी तांब्याला फोन टेकवून ठेवायचा आणि जेवताजेवता तिच्याशी बोलायचा. "मावशी, जेवताना पण त्याला मी समोर लागते," असं ती मला सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळलेला असायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला ती माहेरी आली. गड्ड्याची यात्रा भरली होती, बाहेर नंदीध्वजांच्या मिरवणुकीची गर्दी होती आणि ही आतल्या खोलीत बसून होती. म्हणाली, "तो अजून तांब्याला फोन टेकवूनच जेवतो. मी समोर बसलेली असते आणि तो मॅच बघत असतो. सात महिने मी ज्याच्याशी बोलले, तो हा नाहीच."

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्यामागे काय घडतं, ते एकदा नीट मांडावंसं वाटलं. माणूस बदललेला नसतो. मीनलच्या बाबतीत तर सवयसुद्धा तीच होती, तांब्याही तोच होता.

आपल्याला एखाद्याबद्दल चार गोष्टी कळतात आणि चाळीस कळायच्या बाकी असतात. त्या चाळीस जागा मन रिकाम्या ठेवत नाही, भरून टाकतं. कशाने भरतं, हा खरा प्रश्न. सँड्रा मरे, जॉन होम्स आणि डेल ग्रिफिन या मानसशास्त्रज्ञांनी 1996 साली विवाहित आणि प्रेमात असलेल्या जोडप्यांना एक साधी गोष्ट करायला लावली. प्रत्येकाने स्वतःचं, जोडीदाराचं आणि आपल्या मनातल्या आदर्श जोडीदाराचं वर्णन एकाच गुणयादीवर करायचं. मग ही वर्णनं एकमेकांशी ताडून पाहिली. जोडीदाराबद्दलचं मत हे जोडीदाराने स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टींपेक्षा, मत देणाऱ्याच्या स्वतःच्या प्रतिमेशी आणि त्याच्या आदर्शाशी जास्त जुळत होतं. म्हणजे रिकाम्या जागा भरायला लागणारं सामान आपण आपल्याच घरातून आणतो.

मीनलचे वडील तापट. लहानपणापासून घरात आवाज चढलेला तिने ऐकलाय. तिला हवा होता शांत माणूस. मुलगा फोनवर कमी बोलायचा, ऐकून घ्यायचा, अधूनमधून "हं" म्हणायचा. त्या "हं"मध्ये तिने समंजसपणा, धीर, तिच्या मनाची कदर असं सगळं ऐकलं. खरं तर दिवसभर काम करून थकलेला माणूस जेवत होता. तो समंजस असेलही, पण त्या "हं"मधून ते कळायला मार्ग नव्हता.

यात फोनचा वाटा मोठा आहे. फोनवर भेटणारा माणूस दिवसातला त्याचा निवडक तास घेऊन येतो. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले, कॅमेऱ्यामागची खोली दिसणार नाही असा कोन. मेसेज पाठवण्याआधी पुसून पुन्हा लिहिता येतो. चिडचिड झाली तर "उद्या बोलू" म्हणून ती तासाबाहेर ठेवता येते. यात फसवणूक नसते, दोघंही मनापासून आपलं चांगलं ते समोर ठेवत असतात. पण समोरच्याला नमुना मिळतो तो फक्त चांगल्या तासांचा. लॉरा स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूर राहून प्रेम करणाऱ्या कॉलेजवयीन जोडप्यांचा अभ्यास केला. एकाच गावात राहणाऱ्यांपेक्षा ही जोडपी एकमेकांना जास्त आदर्श मानत आणि लांब असेपर्यंत नाती टिकतही. पुढे जी जोडपी एका गावात राहायला आली, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश जणांचं तीन महिन्यांच्या आत बिनसलं. ती जोडपी अमेरिकेतली होती आणि लग्न झालेली नव्हती, त्यामुळे हा आकडा आपल्या साखरपुड्यांना लावू नये. पण कारण ओळखीचं आहे. आपल्याकडे पूर्वी लग्नाआधी मुलगा-मुलगी फारसं बोलत नसत, तेव्हा चित्र रंगवायला सामानच कमी असायचं. आता सहा-सात महिने रोज तासभर बोलणं होतं आणि दोघांनाही वाटतं की आपण पुरते ओळखतो. मला हा मधला काळ सगळ्यात फसवा वाटतो.

मग एकत्र राहणं सुरू होतं आणि रिकाम्या जागांत खरी माणसं येऊन बसतात. इथे एक विलक्षण गोष्ट घडते. ती सोलापूरकराला लगेच समजेल, कारण आपल्या प्रत्येकाच्या घरात जेकार्ड मागावर विणलेली चादर आहे. सुलट बाजूला मरून जमिनीवर पांढरं फूल असतं. चादर उलटली की पांढऱ्या जमिनीवर तेच फूल मरून दिसतं. धागे तेच असतात, फक्त वरचा रंग खाली आणि खालचा वर गेलेला असतो. डायन फेल्मली या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1995 साली 301 विद्यार्थ्यांना त्यांच्या एका नात्याबद्दल दोन प्रश्न विचारले. सुरुवातीला काय आवडलं? आणि सगळ्यात कमी काय आवडलं? जवळपास 30 टक्के उत्तरांत दुसरी गोष्ट ही पहिलीचीच उलटी बाजू होती. मजेशीर होता, पुढे पोरकट वाटला. ठाम होती, पुढे हुकूमशहा वाटली.

मीनलची यादी अशी होती. शांत होता, तो घुमा झाला. पैशाला जपून होता, तो चिकट झाला. साखरपुड्यानंतर त्याने हॉटेलचं बिल तपासून सात रुपयांची चूक दाखवली होती तेव्हा ती म्हणाली होती, "किती जबाबदार आहे." लग्नानंतर त्याने भाजीवालीकडे कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच मिनिटं घासाघीस केली, तेव्हा तिला शरमल्यासारखं झालं.

अपेक्षाभंगाला वेग येतो तो याच्या पुढच्या पायरीवर. मायकेल नॉर्टन, जीना फ्रॉस्ट आणि डॅन अरायली यांनी 2007 साली दाखवलं की अनोळखी माणसाबद्दल आधी एक न जुळणारा गुण कळला, तर त्यानंतर कळणारे गुणही आपल्याशी न जुळणारे वाटू लागतात. या अभ्यासावर वाद झाला. 2011 मध्ये हॅरी राइस आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष संवाद घडवून पाहिले तेव्हा ओळख वाढली तशी आवडही वाढली. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. मोकळी ओळख प्रेम वाढवते, पण आधीच रंगवलेल्या चित्राशी ताडत ताडत केलेली ओळख ते कमी करते. आपण त्या दुसऱ्या वाटेला लागलो आहोत, याची एक खूण आहे: ज्या गोष्टीला काहीच अर्थ नाही, तिच्यातही अर्थ दिसू लागतो. मीनलला त्याचं दार लावणं, चहा अर्धा ठेवणं, आईशी फोनवर हळू बोलणं, या सगळ्यात "त्याला माझी पर्वा नाही" हेच दिसत होतं. अर्धा चहा तो आयुष्यभर ठेवत आलाय.

हे दुर्लक्षून चालत नाही, हे टेड ह्यूस्टन यांच्या दीर्घ अभ्यासातून कळतं. पेनसिल्व्हेनियात 1981 साली लग्न झालेली 168 जोडपी त्यांनी घेतली आणि तेरा वर्षांनी त्यांचं काय झालं ते पाहिलं. आपल्याला वाटतं, भांडणं वाढली की नातं तुटतं. पण पुढे घटस्फोट होणार की नाही, हे ओळखायला पहिल्या दोन वर्षांत माया आणि जवळीक किती ओसरली ते पाहणं जास्त उपयोगाचं ठरलं. सात वर्षांनंतर वेगळी झालेली जोडपी तर, लग्न नवीन असताना, सुखाने टिकलेल्या जोडप्यांपेक्षाही जास्त लाडात होती. उंचावरून ती झपाट्याने खाली आली.

मग जोडीदाराला चांगलं मानूच नये का? तसं नाही. मरे यांच्याच अभ्यासांत जोडीदाराकडे थोडं वाढवून पाहणारे लोक जास्त समाधानी निघाले. हे कोडं लिसा नेफ आणि बेंजामिन कार्नी यांनी 2005 मध्ये बऱ्याच अंशी सोडवलं. नवविवाहित जोडप्यांत जवळजवळ प्रत्येकजण "माझा नवरा फार चांगला", "माझी बायको फार छान" असंच म्हणत होता. फरक पडला तो तपशिलात. नवरा नीटनेटका आहे का, बोलका आहे का, अशा नेमक्या गोष्टी ज्या बायकांनी अचूक ओळखल्या आणि तरी त्याला एकूण चांगलाच मानलं, त्या त्याला जास्त आधार देत होत्या आणि त्यांची लग्नं मोडण्याचं प्रमाणही कमी होतं. नवऱ्यांच्या बाजूने हा परिणाम तितका स्पष्ट दिसला नाही. तपशील चुकलेलं कौतुक मात्र पहिल्या उघड्या पडलेल्या सवयीवरच अडखळतं.

संक्रांतीच्या त्या दुपारी मी मीनलला एवढंच विचारलं, "तो फोन लावून जेवायला कधीपासून लागला?" तिला माहीत नव्हतं. तिने पुण्याला गेल्यावर त्याला विचारलं. नोकरी लागल्यापासून चार वर्षं तो एका खोलीत एकटा राहिला होता. डबा उघडला की शांतता खायला उठायची, म्हणून आधी रेडिओ, मग मॅच, मग ती. सात महिने मीनलला जे प्रेमाचं लक्षण वाटलं आणि पुढे दीड महिना जे दुर्लक्षाचं वाटलं, ती एकट्याने जेवणाऱ्या माणसाची सवय होती.

हे कळल्यावर ती त्याच्या समोर बसायची ती शेजारी बसायला लागली. फोन अजून तांब्याला टेकलेलाच असतो, पण वरणभात वाढून होईपर्यंत तो बंद असतो. ते त्यानेच ठरवलं. चिकटपणाचं मात्र मिटलेलं नाही. दिवाळीला माहेरहून न्यायच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी किती घ्यायची, यावरून नव्या पेठेतल्या दुकानाच्या दारातच दोघांचं वाजलं. मीनल म्हणाली, "तो जपून आहे, हे मला लग्नाआधीच दिसलं होतं. किती जपून, ते मी बघितलंच नव्हतं."