पार्श्वभूमी: मुलाखतीच्या सारांशात ‘हो’ नेमका कुणाचा?

मुलाखतीच्या सारांशात एकाचं मत दुसऱ्याच्या तोंडी जाण्याचा आजचा प्रश्न खरा टेपरेकॉर्डरनंतरचा. 1948 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मौखिक इतिहासाचं काम पद्धतशीर सुरू झालं. सुरुवातीच्या काळात मुलाखत कागदावर उतरली की टेप पुसून पुन्हा वापरत. कागद हाच अस्सल दस्तऐवज मानला जाई. काही संग्रहांत तर प्रश्न गाळून उत्तरं सलग निवेदनासारखी मांडत. वाचायला छान, पण मुलाखतकाराने पुढे केलेलं वाक्य आणि त्यावरचा नुसता होकार, दोन्ही उत्तर देणाऱ्याच्या नावावर जमा होत.

2000 नंतर ‘कोण कधी बोललं’ हे यंत्राने ओळखायच्या स्पर्धात्मक चाचण्या रुळल्या. किती वेळ चुकीच्या माणसाकडे गेला, किती सुटला आणि कुणी बोलत नसताना किती उगाच मोजला गेला, यांच्या बेरजेची एकूण बोलण्याच्या वेळेशी टक्केवारी म्हणजे चूक-दर. इथे एक निर्णय झाला, आणि त्यावर अजून वाद आहे. बोलणं नेमकं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, हे माणसांनाही अचूक सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक सीमेच्या अलीकडे-पलीकडे 0.25 सेकंद मोजणीतून वगळायचं ठरलं. दोघे एकदम बोलत असतील तो भागही अनेकदा वगळला जाई.

कारण पटण्यासारखं आहे, परिणाम मात्र नाही. अर्ध्या सेकंदाच्या ‘हो’ला सुरुवात आणि शेवट अशा दोन सीमा असतात, दोन्हीकडची सूट धरली की अख्खा ‘हो’ मोजणीतून नाहीसा होतो. ‘नाही’, ‘बरोबर’ यांचीही तीच गत. मुलाखतीत सहमती आणि विरोध बहुतेक याच शब्दांत येतात, तेही समोरच्याचं बोलणं चालू असताना. थोडक्यात, सारांशाला जे सर्वात महत्त्वाचं तेच परीक्षेबाहेर.

2018 मध्ये सुरू झालेल्या एका स्पर्धेने ही सूट काढून टाकली आणि एकदम बोललेला भागही मोजायला घेतला. चूक-दर साहजिकच वाढलेले दिसले. जुन्या नियमाचे समर्थक म्हणतात की सीमांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणणं चूक नाही, पण तो सोयीचा युक्तिवाद आहे. अर्थात सूट काढूनही प्रश्न संपत नाही, कारण मोजमाप वेळेचं आहे. तासभर सलग बोलणं असलेल्या मुलाखतीत अर्ध्या सेकंदाचे 40 होकार चुकीच्या नावावर गेले, तरी ते होतात 20 सेकंद, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. कागदावर उत्तम निकाल, सारांश मात्र उलटा.

रचलेला एक तुकडा घेऊ. मुलाखतकार विचारतो, “म्हणजे गृहपाठ बंदच करायला हवा?” शिक्षिका म्हणते, “माझे सहकारी म्हणतात, मुलं घरी काही करतच नाहीत, मग द्यायचा कशाला.” शेजारचा शिक्षक मध्येच “हो” म्हणतो. शिक्षिका पुढे म्हणते, “पण मी देते. कमी देते.” आता तो ‘हो’ यंत्राने शिक्षिकेच्या बोलण्यात मिसळला, की घाईतला सारांश तयार: ‘शिक्षिकेच्या मते गृहपाठ बंद व्हावा.’

वाचताना चूक कळायच्या काही खुणा आहेत. एखादा माणूस स्वतःच्याच प्रश्नाला उत्तर देताना दिसतो, किंवा होकारानंतर लगेच ‘पण’ म्हणून उलट बोलतो. मराठीत क्रियापदही मदत करतं: ‘मी देते’ हे शिक्षकाच्या नावापुढे दिसलं, तर नावं उलटी पडली आहेत. ‘हो’ला मात्र लिंग नाही, तिथे ध्वनिमुद्रणच ऐकावं लागतं.

सारांश लिहिण्याआधी प्रत्येक दाव्यापुढे तीन नोंदी कराव्यात: शब्द कुणाचे, मत कुणाचं, आणि बोलणाऱ्याची त्यावर भूमिका काय. वरच्या तुकड्यात बंदीचे शब्द मुलाखतकाराचे, पण तो प्रश्न आहे; त्याला त्याचं मतही म्हणता येत नाही. ‘द्यायचा कशाला’ हे शब्द शिक्षिकेच्या तोंडचे, मत सहकाऱ्यांचं, आणि तिची भूमिका वेगळी: गृहपाठ असावा, पण कमी. ‘म्हणतात’ हे क्रियापद सारांशात गळलं की ही नोंद कोसळते, आणि शब्द वाचवताना पहिली कात्री नेमकी त्याच्यावरच पडते.

राहिला शिक्षक. त्याचा होकार मुलं घरी काही करत नाहीत याला आहे, गृहपाठ देऊच नये याला आहे, की तो नुसता ‘ऐकतोय’ अशा अर्थाचा हुंकार आहे? पुढे तो स्वतः काही बोलला नसेल, तर सारांशात इतकंच यावं: ‘शिक्षकाने मध्ये होकार दिला, तो कशाला, हे स्पष्ट नाही.’ संपादकाला हे वाक्य पुष्कळदा खटकतं आणि छाटलंही जातं. त्याऐवजी ‘दोघांचं एकमत होतं’ असं लिहिण्यापेक्षा होकाराचा उल्लेखच गाळलेला बरा.