निदान चाळिशीत का? प्रौढांमधल्या ऑटिझमची पार्श्वभूमी

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी ऑटिझम असलेल्या ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातली पहिली केस होती मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. हा मुलगा पुढे कॉलेजात शिकला, त्याने गावातल्या बँकेत अनेक दशकं नोकरी केली, तो गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, देशोदेशी फिरायचा. २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी तो गेला. बँक त्याच्या आईच्या माहेरच्यांची होती. असं नशीब फार थोड्यांचं. तरी ऑटिझम असलेली मुलं मोठी होतात, नोकरी करतात, हे पहिल्याच केसमध्ये दिसलं होतं. निदानाच्या नियमांत ते उतरायला मात्र सत्तर वर्षं लागली.

१९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, ऑटिझमला प्रथमच स्वतंत्र जागा मिळाली, पण ‘शिशुवयातला ऑटिझम’ म्हणून. लक्षणं अडीच वर्षांच्या आत सुरू व्हायला हवीत, भाषेच्या वाढीत ठळक अडचण हवी, असे निकष होते. वेळेवर बोलायला लागलेलं, अभ्यासात बरं असलेलं मूल या चाळणीतून सहज निसटायचं. पुढच्याच वर्षी लंडनच्या लॉर्ना विंग यांनी, स्वतः ऑटिस्टिक मुलीची आई असलेल्या या डॉक्टरांनी, व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांचं, नीट बोलणाऱ्या पण इतरांत न मिसळणाऱ्या मुलांवरचं, १९४४ चं विस्मरणात गेलेलं काम इंग्रजी वाचकांसमोर आणलं. १९९४ मध्ये आस्पर्गर सिंड्रोम डीएसएममध्ये आला, तेव्हा साठच्या दशकात जन्मलेली माणसं नोकरीला लागून गेली होती.

माझ्या मते खरा बदल २०१३ च्या आवृत्तीतल्या एका वाक्याने झाला. लक्षणं लहानपणापासून असली, तरी परिस्थितीच्या मागण्या झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील, हे त्यात मान्य केलं गेलं.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत हिशेब बघणारी ४२ वर्षांची बाई आहे. फोन करण्याआधी ती वाक्यं मनात जुळवते, इतर हसले की हसते, जेवणाच्या सुट्टीनंतर थोडा वेळ बाथरूममध्ये शांत बसते. बढती मिळून टीम सांभाळायची वेळ येते आणि ती पार कोलमडते. काही वर्षं नैराश्यावर औषधं चालतात. मग मुलाचं ऑटिझमचं निदान होतं आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं देताना तिला स्वतःचंच बालपण दिसू लागतं.

यासाठी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. ऑनलाइन प्रश्नावलीतल्या गुणांवरूनही निदान होत नाही. तज्ज्ञ सविस्तर बोलतात, शक्य असेल तर आईला किंवा मोठ्या भावंडांना विचारतात. ‘हुशार, पण वर्गात मिसळत नाही’ असा प्रगतिपुस्तकातला शेराही उपयोगी पडतो. लोकांची भीती एवढंच कारण असेल, तर एकटेपणी माणूस सहसा मोकळा होतो. या बाईला मात्र घरी एकटी असतानाही मिक्सरचा आवाज असह्य होतो, ठरलेला क्रम मोडला की दिवस विस्कटतो.

‘पण तू तर डोळ्यांत बघून बोलतेस’, ‘तुझं लग्न झालंय’ ही वाक्यं तिला ऐकावी लागतात. मला सर्वांत घातक वाटतो तो ऑटिस्टिक माणसांना दुसऱ्याचं मन कळतच नाही हा समज. त्याला बळ मिळालं १९८५ च्या, लहान मुलांवरच्या एका छोट्या प्रयोगातून. २०१२ मध्ये स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० मध्ये कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत जास्त गळाली.

ऑफिसमधली समजूत इथून सुरू व्हायला हवी. ‘जमेल तसं बघून घे’ याऐवजी ‘गुरुवारी चारपर्यंत फक्त जीएसटीची जुळणी पाठव’ असं साहेबांनी लिहून द्यावं. मीटिंगचे विषय आदल्या दिवशी कळावेत, जागा रहदारीपासून दूर असावी, हेडफोनला उद्धटपणा समजू नये. टीम सांभाळण्याऐवजी कामातल्या कौशल्यावरही बढती मिळावी. पुण्यातल्या त्या बाईला याचीच सर्वाधिक गरज होती.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. कामाच्या जागी वाजवी सोय देण्याचं थेट बंधन त्यात सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी आस्थापनांना समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी मुख्यतः समोर दिसणारं वागणं मोजते आणि ७० च्या खाली गुण आले की ऑटिझम नाही असं धरते. आयुष्यभर झाकायला शिकलेली बाई तपासणीच्या खोलीतही नीट बसते, विचारलेल्याला नेमकं उत्तर देते आणि तिचे गुण कमी भरू शकतात.