ओपन साइट, पीप साइट आणि त्यांच्यामधले अंतर

दहा मीटर एअर रायफलवर ओपन साइटने सराव करणारे नेमबाज पीप साइट घ्यायला येतात, तेव्हा बारीक छिद्रामुळे नेम अचूक होतो अशी त्यांची समजूत असते. ती खरी आहे, पण अर्धीच.

ओपन साइटमध्ये मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेटचा काळा गोल अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी डोळ्याला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. खाच डोळ्याच्या फार जवळ आणली तर ती पुसट दिसते, म्हणून ती नळीवर पुढे बसवावी लागते आणि साइट रेडियस, म्हणजे मागच्या व पुढच्या साइटमधले अंतर, कमी होते. पीप साइटच्या छिद्रातून मात्र फक्त आरपार पाहायचे असते. त्याची कड पुसट दिसली तरी बिघडत नाही. त्यामुळे ती डोळ्याजवळ बसते आणि साइट रेडियस आपोआप वाढतो.

या वाढीचा हिशेब सोपा आहे. समजा, साइट रेडियस 400 मिमी आहे आणि माशी खाचेच्या मध्यापासून केवळ 0.1 मिमी सरकली आहे. दहा मीटरवर ही चूक पंचवीस पटीने वाढून 2.5 मिमी होते, म्हणजे टार्गेटवर बरोबर एका वर्तुळाचा फरक पडतो. रेडियस 750 मिमी असेल तर तीच चूक सुमारे 1.3 मिमीवर येते. नळीच्या टोकाला 100 मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावून पुढची साइट आणखी पुढे नेली तर ती 1.2 मिमीच्या आसपास राहते. आधीच्या फायद्यापुढे हा फायदा किरकोळ आहे, आणि हातांची थरथर तर कोणत्याही ट्यूबने कमी होत नाही. म्हणून नवशिक्याला ट्यूब आम्ही सुचवत नाही.

ट्यूब लावल्यावर पुढच्या साइटमधली, काळा गोल जिच्या मधोमध धरायचा ती रिंग बदलायची असते, हे बरेच जण विसरतात. मध्यंतरी एका ग्राहकाने नळीत दोष असल्याचे सांगून रायफल परत आणली. रायफल बाकावर टेकवून मारल्यावर पेलेट एकाच भोकातून जात होते. त्यांनी ट्यूब लावली होती, पण रिंग जुनी 3.8 मिमीचीच होती. पुढची साइट डोळ्यापासून सुमारे 810 मिमीवर असताना 30.5 मिमीचा काळा गोल त्या रिंगच्या प्रतलात 2.5 मिमी जागा व्यापतो; साइट 910 मिमीवर गेली की 2.8 मिमी. साहजिकच गोलाभोवतीची पांढरी कड अरुंद होते, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे लुकलुकत नाहीशी होते, आणि नेमबाज ती शोधण्यात ट्रिगर लांबवतो. त्यांना 4.2 मिमीची रिंग दिली. ट्यूबमुळे मागच्या साइटच्या एका क्लिकने नेम पूर्वीपेक्षा थोडा कमी सरकतो, त्यामुळे झिरोइंगही नव्याने करून घ्यावे लागले.