फोटोतल्या पुतळ्याला पैठणी नेसवताना

शोकेसची मांडणी ठरवण्याआधी ती कशी दिसेल हे पाहायचं असतं. हाताशी दोन फोटो असतात: साधी पांढरी सुती साडी नेसलेल्या पुतळ्याचा आणि सपाट पसरलेल्या जांभळ्या पैठणीचा. दुसऱ्यातलं कापड कापून पहिल्यावर ठेवलं की पुतळ्यावर वॉलपेपर चिकटवल्यासारखं दिसतं, कारण डोळ्याला कापड ओळखू येतं ते त्याच्या सावल्यांवरून आणि सुरकुत्यांत वाकणाऱ्या नक्षीवरून. पैठणीच्या सपाट फोटोत यातलं काहीच नसतं. पांढऱ्या साडीत मात्र सगळं असतं, ते उचलायचं.

आधी माप. पुतळा १७५ सेंमी उंच आणि फोटोत १७५० पिक्सेल असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे १० पिक्सेल. मग १० सेंमीचा काठ १०० पिक्सेलचा आणि ३ सेंमीची बुट्टी ३० पिक्सेलचीच हवी. बुट्टी दुप्पट झाली की पुतळा बाहुलीएवढा वाटू लागतो.

सावल्या उचलायला फोटोशॉपमध्ये पांढऱ्या साडीच्या लेयरची प्रत करून ती कृष्णधवल करावी, पैठणीच्या वर ठेवावी आणि Multiply निवडावं. यात ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा अशा मोजपट्टीवरच्या दोन्ही लेयरच्या उजळपणाच्या किमती गुणून २५५ ने भागल्या जातात. पैठणीची किंमत २०० आणि साडीच्या घडीतली १२८ असेल तर उत्तर साधारण १०० येतं, म्हणजे तिथे निम्मी सावली पडते. वरची किंमत २५५ असेल तर खालचा रंग जसाच्या तसा राहतो. गोम इथेच आहे. दुकानातल्या उजेडात पांढरी साडी फोटोत क्वचितच २५५ असते, बहुधा २०० च्या आसपास असते. तशीच वापरली तर आख्खी पैठणी २२ टक्के काळवंडते. म्हणून Levels मध्ये साडीचा सर्वांत उजळ भाग २५० पर्यंत आणावा. कृष्णधवल न करता पुढे गेलात तर दिव्याचा पिवळेपणाही गुणला जातो आणि जांभळा मातकट होतो.

नक्षी वाकवण्यासाठी त्याच कृष्णधवल प्रतीची वेगळी PSD फाइल करावी, तिच्यावर ४ पिक्सेलचा Gaussian Blur द्यावा आणि पैठणीच्या लेयरवर Filter > Distort > Displace चालवून ती फाइल निवडावी. फाइलमधला १२८ चा राखाडी म्हणजे जागचं हलू नको. त्याहून गडद किंवा उजळ ठिकाणी नक्षी सरकते. स्केल १०० असेल तर सरकणं जास्तीत जास्त १२८ पिक्सेल, त्यामुळे ८ ठेवलं की सुमारे १० पिक्सेल, म्हणजे एक सेंटिमीटर. उभ्या घड्यांसाठी आडवं स्केल ८ आणि उभं ० पुरतं. ब्लर विसरलात तर सुताचा पोतही नक्षीला हलवतो आणि काठ कसरीने खाल्ल्यासारखा दिसतो.

एक फसगत हमखास होते. संगणकाला फक्त उजेड-अंधार कळतो, खोली कळत नाही. पुतळ्याच्या हाताची सावली सपाट पदरावर पडली असेल तर तिथेही नक्षी वाकते. सरळ काठ सावलीच्या कडेशी अचानक मोडला की हेच झालंय असं समजावं. उपाय सोपा आहे: Displace च्या फाइलमध्ये तेवढी सावली शेजारच्या राखाडीने रंगवून टाकायची. Multiply च्या लेयरमध्ये मात्र ती राहू द्यायची, कारण तिथे ती खरीच आहे.

निऱ्यांपुढे ही सगळी युक्ती थिटी पडते. १२ सेंमीची एक निरी जाऊन-येऊन २४ सेंमी कापड खाते आणि त्यातलं समोरून दिसतं चारेक सेंमी. उरलेलं २० सेंमी घडीत दडलेलं असतं. Displace नक्षी वाकवतो, लपवत नाही. म्हणून निऱ्यांवर बुट्ट्यांची रांग अखंड दिसते, आणि साडी नेसणारी कोणतीही बाई ती चूक लांबूनच ओळखते. इथे हाताने काम करावं लागतं: प्रत्येक निरीची ४० पिक्सेलची उभी पट्टी वेगळ्या लेयरवर घ्यायची आणि प्रत्येक पुढच्या पट्टीत पैठणी २४० पिक्सेल पुढून सुरू करायची. बुट्ट्या मधेच तुटतात, कुठे अर्धी दिसते, कुठे दिसतच नाही. खऱ्या निऱ्यांवर तसंच असतं. सहा निऱ्यांना अर्धा तास जातो, पण चित्राचा खरेपणा इथेच ठरतो.

शेवटी काठाची जर. Multiply फक्त गडद करू शकतो, उलट जरीचा काठ चमकतो तो दिव्याचा उजेड परतवून. त्यामुळे काठ पितळी न दिसता मेहंदीसारखा तपकिरी दिसतो. काठापुरता मास्क करून त्याच कृष्णधवल प्रतीचे फक्त उजळ भाग, Multiply च्या उलट रंग उजळवणाऱ्या Screen मध्ये, ३० टक्क्यांच्या आसपास, वर चढवावेत. पैठणी धूपछाव असेल, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, तर घडीच्या उतारावर दुसरा रंग डोकावतो. तो सपाट फोटोत सापडणार नाही. कापडाचा कोपरा हातात धरून, तिरका करून आणखी एक फोटो काढावा आणि त्यातला रंग घड्यांच्या एकाच बाजूला मऊ ब्रशने हलका भरावा.