क्यूआरचे पैसे सेव्हिंग खात्यात येतात? मग हिशेब असा लिहा

दुकानाच्या क्यूआरचे पैसे माझ्या सेव्हिंगमध्ये जमा होतात, चालेल का, असं आमचे बरेच ग्राहक विचारतात. प्रोप्रायटरी धंद्यात मालकाचा आणि धंद्याचा पॅन एकच असतो. त्यामुळे पैसे कुठल्याही खात्यात आले तरी विक्री ती विक्रीच, आणि ती पूर्ण दाखवावी लागते.

घोळ होतो तो पैसे चालू खात्यात वळवताना. समजा, दिवसाची विक्री १८,४०० रुपये झाली. त्यातले ७,१५० रोख आले, ११,२५० क्यूआरवर. वहीत सगळी विक्री रोख म्हणून लिहिली. दोन दिवसांनी सेव्हिंगमधून १०,००० चालू खात्यात टाकले आणि चालू खात्यात जमा दिसली म्हणून तीही विक्रीत धरली. आता विक्री २८,४०० दिसते. शिवाय वहीतली रोख शिल्लक गल्ल्यापेक्षा ११,२५० ने जास्त. कागदावर रोख फुगत चालली आणि गल्ल्यात तेवढे पैसे नसले, तर आम्ही सर्वात आधी हीच चूक शोधतो. वर्षअखेरीला ती निस्तरायची म्हणजे एकेक नोंद उलगडावी लागते.

बरोबर नोंद सोपी आहे. ‘मालक – क्यूआर जमा’ असं एक खातं भांडवलाखाली उघडा. विक्री एकदाच, १८,४०० जमा. रोख ७,१५० नावे आणि या खात्याला ११,२५० नावे. चालू खात्यात १०,००० आले की चालू खातं नावे, ‘मालक – क्यूआर जमा’ जमा. विक्रीला हात लावायचा नाही. उरलेले १,२५० घरात खर्च झाले तर ती मालकाची उचल.

रोख आणि क्यूआर वेगळे ठेवण्यात तुमचाच फायदा आहे. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. वर्षाला १२ लाख क्यूआरवर आले आणि ते रोखीत लिहिले गेले, तर करपात्र उत्पन्न विनाकारण २४,००० ने जास्त दाखवलं जातं.

आम्ही स्क्रीनशॉट घेत नाही, सेव्हिंगचं स्टेटमेंट एक्सेलमध्येच मागतो. काहींना ते जाचक वाटतं. पण त्याच खात्यात भाच्याने परत केलेले उसने ५,००० असतात, बहिणीने पाठवलेले पैसे असतात. यूपीआयच्या ओळीत फक्त नाव दिसतं, कारण दिसत नाही. म्हणून घरच्या रकमांपुढे ‘घर’ एवढं लिहून पाठवा, बाकीचं आम्ही रोजच्या विक्रीशी जुळवतो.

खरं तर दुकानासाठी वेगळं चालू खातं काढून क्यूआर त्यालाच जोडणं उत्तम. त्याची कागदपत्रं आम्ही तयार करून देतो. तोपर्यंत दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचं स्टेटमेंट पाठवा.